पार्किंग मोडमुळे बॅटरी बसते आहे: हार्डवायर किटचा कट-ऑफ किती ठेवावा?

श्रीधर_परळ

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमची पेट्रोल हॅचबॅक आहे, बॅटरी ३५ एएचची, बसवून अडीच वर्षं झाली. आमच्या चाळीला कंपाउंड नाही, त्यामुळे गाडी भोईवाड्याच्या बाजूला रस्त्यावरच उभी असते. दिवाळीनंतर कोणीतरी डावा आरसा मोडून गेलं, बंपरवरही ओरखडे आले. म्हणून पुढे-मागे दोन लेन्सचा डॅशकॅम लावला. दुकानदाराने हार्डवायर किट बसवून पार्किंग मोड चालू करून दिला.

कामाला मी लोकलने जातो. गाडी निघते ती शनिवार-रविवारी, बहुतेक ठाण्याला सासुरवाडीला. कॅमेरा लावल्यापासून शनिवारी सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक. डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि काटे थरथरतात. बॅटरीवाल्याला बोलावून जंप स्टार्ट करावं लागतं. त्यानंतर दोन्ही दिवस गाडी व्यवस्थित चालते. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

दुकानदार म्हणतो, "किटमध्ये कट-ऑफ आहे, बॅटरी बसूच शकत नाही, तुमची बॅटरीच गेली आहे." बॅटरीवाला म्हणतो, "आधी कॅमेरा काढा." किटवर छोटे स्विच आहेत, त्यावर ११.८, १२.०, १२.२ आणि १२.४ असे आकडे आहेत. सध्या ११.८ वर आहे, दुकानातून तसंच आलं होतं.

कट-ऑफ किती ठेवावा? नवीन बॅटरी घेतल्याने प्रश्न सुटेल का? की दुसरा काही उपाय आहे? रस्त्यावर गाडी असल्यामुळे रेकॉर्डिंग बंद करायला मन धजत नाही.

मेघना_ठाणे

आमचीही बॅटरी अशीच गेली होती. उन्हात गाडी राहिली की आतली बॅटरी फुगते आणि कॅमेऱ्याचं मागचं झाकण उचललं जातं. आमच्या कॅमेऱ्याची तारीख-वेळ रोज पुसली जायची, तेव्हा लक्षात आलं. नंतर सुपर कपॅसिटरवाला कॅमेरा घेतला, एप्रिल-मेच्या उन्हातही काही झालं नाही. तुम्हीही बॅटरीवाला मॉडेल बदलून टाका, कट-ऑफच्या फंदात पडू नका.

श्रीधर_परळ

मेघनाताई, धन्यवाद. पण माझा प्रश्न गाडीच्या बॅटरीचा आहे. कॅमेऱ्यात कपॅसिटरच आहे, त्याचा काही त्रास नाही.

विकास७६

११.८ अगदी बरोबर आहे, हात लावू नका. बारा व्होल्टची बॅटरी आहे, ११.८ म्हणजे फक्त ०.२ कमी. एवढ्याने कुठलीही चांगली बॅटरी बसत नाही. दुकानदाराचं पटतं मला, बॅटरी थकली असणार. मधल्या वारी रात्री खाली उतरून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा, बॅटरी भरून येते. आमचे शेजारी वर्षानुवर्षं हेच करतात.

रेणुका_माहीम

श्रीधर, माझं आणि बाबांचं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. अशा गाड्या आमच्याकडे दर आठवड्याला येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विकासदादा, ही बॅटरी नावापुरती बारा व्होल्टची असते. पूर्ण भरलेली आणि काही तास निवांत उभी असलेली लेड-अॅसिड बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. साधारण १२.४ ला ती पाऊण भरलेली असते, १२.२ ला अर्धी, १२.० ला पाव. ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. त्यामुळे ११.८ ला कट-ऑफ होणारं किट "रिकामी झाली की थांबतो" एवढंच सांगतं. तेवढ्यावर गाडी सुरू होईल याची हमी त्यात नाही. सेल्फला क्षणभर शंभराहून जास्त अँपियर लागतात, ते रिकाम्या बॅटरीतून येत नाहीत.

म्हणजे श्रीधर, किटमध्ये बिघाड असेलच असं नाही, आणि बॅटरी खराब झाली आहे असं आत्ताच म्हणता येत नाही. अंदाज लावण्यापेक्षा आधी तीन गोष्टी मोजा. साधा मल्टीमीटर पुरतो.

पहिली गोष्ट, व्होल्टेज. रविवारी रात्री घरी आल्यावर लगेच मोजू नका. चार्जिंग नुकतंच थांबलेलं असतं, त्यामुळे आकडा फुगून येतो. त्या रात्री कॅमेऱ्याचा फ्यूज काढून ठेवा आणि सोमवारी सकाळी, दार उघडून दिवे लावायच्या आधी, थेट टर्मिनलवर मोजा.

दुसरी, कॅमेरा किती खातो. त्यासाठी वायर तोडायची गरज नाही. फ्यूज बॉक्समध्ये जो फ्यूज टॅप लावला आहे, त्यात कॅमेऱ्याचा छोटा फ्यूज असतो. फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. गाडी लॉक करून कॅमेरा पार्किंग मोडमध्ये गेला की मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून दोन पिना त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. फ्यूज किती अँपियरचा आहे तेही कळवा.

तिसरी, किटच्या वायरी. पिवळी कायम चालू असलेल्या फ्यूजवर हवी, लाल एसीसीवर, म्हणजे चावी फिरवली तरच चालू होणाऱ्या फ्यूजवर, आणि काळी बॉडीला. चावी काढल्यावर लाल वायरीच्या फ्यूजवर शून्य यायला हवं.

श्रीधर_परळ

रेणुकाताई, सांगितल्याप्रमाणे मोजलं. जरा उशीर झाला, कारण रविवार येईपर्यंत थांबावं लागलं.

ठाण्याहून आल्या आल्या कुतूहल म्हणून मोजलं तर १२.७५ होतं. फ्यूज काढून ठेवला. सोमवारी सकाळी तेच १२.४४. एका रात्रीत एवढं खाली कसं, हे कळलं नाही. कॅमेरा तर बंद होता.

कॅमेऱ्याचा फ्यूज ५ अँपियरचा, छोट्या आकाराचा. पार्किंग मोडमध्ये त्यावर ४.९ ते ५.० मिलिव्होल्ट येत होतं. मागचा कॅमेरा काढला की साडेतीनच्या आसपास. चावी काढल्यावर लाल वायरीवर शून्य आहे. काळी वायर डाव्या किक पॅनलच्या बोल्टला आहे, घट्ट आहे.

गाडीचा स्वतःचा लोड मोजायला आमच्या इथल्या इलेक्ट्रिशियनची मदत घेतली. त्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मधे मीटर लावला. सुरुवातीला बरंच जास्त दाखवत होता. अर्ध्या तासाने ०.०३ अँपियरवर येऊन स्थिरावला. कॅमेरा तेव्हा काढलेला होता.

रेणुका_माहीम

फार छान मोजलंत. सगळं यात आलं आहे.

आधी तुमचं कोडं. १२.७५ हा फुगलेला आकडा होता, खरा १२.४४. एका रात्रीत बॅटरी काही उतरली नाही, मुळात रविवारीच ती पाऊण-ऐंशी टक्क्यांवर होती. ठाण्याला जाऊन येऊनही पूर्ण भरली नाही, ही महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा.

५ अँपियरच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण १७-१८ मिलिओहम असतो. ५ मिलिव्होल्ट भागिले तेवढं, म्हणजे कॅमेरा ०.२८ अँपियर घेतो. दोन लेन्सच्या कॅमेऱ्याला हे रास्त आहे, त्याचा दोष नाही. त्यात गाडीचे ०.०३ मिळवा, झाले ०.३१. चोवीस तासांचे साडेसात अँपियर-तास.

आता बॅटरी. नवी असताना ३५ होती, अडीच वर्षांनी २८ धरू. त्यातले ऐंशी टक्के भरलेले, म्हणजे २२ हाताशी आहेत. रविवारी रात्रीपासून रोज साडेसात जात आहेत. बुधवारी दुपारच्या सुमारास ३-४ उरतात, व्होल्टेज ११.८ ला येतं आणि किट कॅमेरा बंद करतं. किटने आपलं काम चोख केलं. पण गाडीचं स्वतःचं खाणं चालूच आहे: घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म. दिवसाला ०.७. शनिवार उजाडेपर्यंत त्या ३-४ मधले आणखी दोन जातात. मग टकटक होणारच.

आता हेच १२.२ वर ठेवून बघू. बॅटरी अर्ध्यावर आली की कॅमेरा थांबेल, म्हणजे २२ मधले ८ वापरून. तो साधारण सोमवारी मध्यरात्रीच बंद होईल. उरले १४. शनिवारपर्यंत गाडी तीनेक खाईल, ११ उरतील. मुंबईच्या हवेत गाडी बहुधा सुरू होईल, थोडी जड जाईल.

आणि १२.४ वर? तुमची बॅटरी सोमवारी १२.४४ ला उभी होती. कॅमेरा पाच-सहा तासांत बंद. म्हणजे रविवारची एक रात्र.

इथे खरी अडचण दिसते. १२.२ ठेवून आठवड्याला ११ खर्च होतात. परळ-ठाणे-परळ करताना ते परत भरले पाहिजेत. सिग्नलला इंजिन हळू फिरतं, एसी आणि दिवे चालू असतात, अल्टरनेटरकडे बॅटरीसाठी थोडंच उरतं. शिवाय ही बॅटरी शेवटचे वीस टक्के फार सावकाश घेते, कितीही व्होल्टेज दिलं तरी. दोन तासांच्या शहरी ड्रायव्हिंगमध्ये मी ८-१० परत आले असं धरते. म्हणजे दर आठवड्याला थोडं देणं राहतंच. अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की प्लेटवर सल्फेट कडक होत जातं. तिची मुळातली क्षमताच कमी होते. नवी बॅटरी घातलीत तर काही महिने सगळं ठीक वाटेल, मग पुन्हा तेच.

थोडक्यात, कट-ऑफने शनिवारची फजिती टळते. आठवड्याची तूट त्याने भरत नाही.

विकास७६

रेणुका, ०.२ चा हिशोब पटला, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच वेगळं आहे. पण मग पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवण्यात गैर काय? काहीतरी भर पडतच असेल ना?

रेणुका_माहीम

पडते, पण सेल्फ मारण्यात जे गेलं ते भरून वर एखादा अँपियर-तास मिळाला तर मिळाला. कॅमेरा तो तीन-चार तासांत संपवतो. पेट्रोल जळतं ते वेगळं, आणि इंजिन पुरतं तापत नाही म्हणून सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. उभ्या गाडीपेक्षा फ्रीवेवर अर्धा तास फिरवून आणलेली बरी.

जान्हवी_नेरूळ

रेणुकाताईंनी लाल वायर तपासायला सांगितली ते वाचून मीही खाली जाऊन आमच्या गाडीची तपासली. चावी काढून, दार लॉक करून, अर्धा तास थांबूनही लाल वायरीवर १२.५ व्होल्ट! लाल आणि पिवळी दोन्ही कायम चालू असलेल्याच फ्यूजवर जोडल्या आहेत. कॅमेऱ्याला वाटतं गाडी चालूच आहे. त्यामुळे स्क्रीनवर पार्किंगची खूण कधी दिसतच नव्हती, आणि रात्रभर पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग चालू राहायचं. कार्ड दोन दिवसांत भरून जुनं पुसलं जायचं, त्याचंही कारण आता कळलं. आमच्या किटचा कट-ऑफ म्हणे लाल वायर बंद झाली तरच काम करतो. हे खरं आहे का?

रेणुका_माहीम

बऱ्याच किटमध्ये असंच असतं. लालवर व्होल्टेज आहे म्हणजे इंजिन चालू आहे असं धरून ते बॅटरीकडे बघतच नाहीत. लाल वायर सिगरेट लायटरच्या फ्यूजवर न्या, पण आधी मोजून खात्री करा, काही गाड्यांत तोही कायम चालू असतो. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला टॅप लावू नका, कोणी कितीही सोपं आहे म्हटलं तरी. आणि टॅप उलटासुलटा बसू शकतो. ज्या खाचेत फ्यूज काढल्यावरही व्होल्टेज येतं, त्या बाजूला टॅपची वायर नसलेली पिन यायला हवी. उलटा बसला की कॅमेऱ्याचा भारही गाडीच्या मूळ फ्यूजमधून जातो.

अद्वैत_पवई

एवढा हिशोब करण्यापेक्षा डॅशकॅमसाठीचा वेगळा लिथियम पॅक घ्या ना. मी लिथियम आयर्न फॉस्फेटचा घेतला आहे, साधारण ७५ वॉट-तासांचा, सीटखाली बसवला. गाडी चालू असताना तो भरतो, बंद झाली की कॅमेरा त्याच्यावर चालतो. गाडीच्या बॅटरीला हातच लागत नाही. पवई ते बीकेसी जाऊन-येऊन रोज दोन-अडीच तास होतात, पॅक रोज पूर्ण भरतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसभर आणि घरी रात्रभर रेकॉर्डिंग मिळतं. महाग आहे, हे कबूल, पण दोन बॅटऱ्यांच्या पैशांत तोही वसूल होतो.

रेणुका_माहीम

अद्वैत, तुमच्या वापराला याहून चांगला उपाय नाही, आणि रसायनही योग्य निवडलंत, गरमीत तेच टिकतं. पण श्रीधरच्या कॅमेऱ्याला ०.२८ अँपियर म्हणजे साडेतीन वॉट लागतात. तुमचा पॅक त्याला वीस-एकवीस तास पुरेल. रविवारी रात्री भरून ठेवला तर सोमवारी संध्याकाळी संपला, आणि पुढे शनिवारपर्यंत गाडी हलणारच नाही. पॅकने त्यांची गाडी सुरू व्हायची अडचण नक्की जाईल, मधल्या दिवसांचं रेकॉर्डिंग मात्र मिळणार नाही.

अजून एक. पॅक भरताना अल्टरनेटरवर जादा भार टाकतो, काही पॅक ८-९ अँपियर ओढतात. त्यासाठी फ्यूज टॅपची बारीक वायर चालत नाही, वेगळी जाड वायर आणि तिचा स्वतःचा फ्यूज लागतो. हे काम नीट करून घ्या.

कॅप्टन_बोरिवली

माझा मोबाइलचा २०,००० एमएएचचा पॉवर बँक डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. रात्री त्यावर कॅमेरा लावतो, सकाळी घरी नेऊन चार्ज करतो. खर्च शून्य.

रेणुका_माहीम

रात्री ठेवून सकाळी घरी नेताय तोवर ठीक. दुपारी बंद गाडीत मात्र ठेवू नका. उन्हात डॅशबोर्डवरचा कप्पा इतका तापतो की साध्या लिथियम-आयन सेलची ती जागा नव्हे. फुगलेला पॉवर बँक आमच्याकडे एक गिऱ्हाईक हातात घेऊन आलं होतं, तो तसा हाताळणंही धोक्याचं असतं.

सदानंद_गिरगाव

मी श्रीधररावांच्याच परिस्थितीत आहे. इमारत जुनी, गाडी रस्त्यावर, आठवड्यातून एकदा वापर. माझा अनुभव सांगतो.

सुरुवातीला मोशन डिटेक्शन लावलं होतं. विचार असा की कोणी जवळ आलं तरच रेकॉर्ड होईल. पण आमच्या गल्लीत पहाटे दूधवाल्यापासून रात्री उशिरा जेवून परतणाऱ्यांपर्यंत सतत कोणी ना कोणी जातंच. कॅमेरा झोपतच नव्हता. आणि मोशन डिटेक्शनसाठी लेन्स, सेन्सर चालू ठेवावाच लागतो, त्यामुळे वीज फार वाचतही नाही. टाइम लॅप्समध्येही तेच. फाइल लहान होते, बॅटरीचा खर्च जवळपास तितकाच राहतो.

मग कॅमेऱ्यातला इम्पॅक्ट मोड लावला. यात कॅमेरा झोपलेला असतो, फक्त धक्क्याचा सेन्सर जागा असतो. माझ्या कॅमेऱ्याचा त्या अवस्थेतला खर्च आमच्या मेकॅनिकने मोजला, ०.०१ अँपियरसुद्धा भरला नाही. तेव्हापासून बॅटरीची तक्रार नाही.

अडचण एकच. धक्का बसल्यावर कॅमेऱ्याला जागं व्हायला काही सेकंद लागतात. एका टेम्पोने मागचा दिवा फोडला, त्याच्या क्लिपमध्ये टेम्पो वळून जाताना पाठीमागून दिसतो. नंबर अर्धा आला. प्रत्यक्ष धडक नाही. तरी तेवढ्यावरून नाक्यावरच्या लोकांनी टेम्पो ओळखला.

संवेदनशीलता मात्र कमीत कमी ठेवा. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा गाडीला खेटून जातो तेव्हा काच थरथरते, आणि एका मिरवणुकीत कार्ड क्लिपांनी भरून जातं.

विकास७६

सदानंदजी, नंबर अर्धा येणार असेल तर कॅमेऱ्याचा उपयोग काय? विम्याला पूर्ण धडक दिसायला हवी. मी तर म्हणतो एकच रात्र मिळाली तरी सलग रेकॉर्डिंग हवं.

सदानंद_गिरगाव

माझी गाडी सहा रात्री रस्त्यावर असते. एका रात्रीचं पूर्ण चित्र घेण्यापेक्षा सहा रात्रींचं अर्धं मला जास्त उपयोगी वाटतं. तुमची गरज वेगळी असू शकते.

नचिकेत_विलेपार्ले

छोटी शंका. माझ्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी सिस्टिम आहे. हार्डवायर केल्यापासून ते बंद होणं जवळपास थांबलंच आहे. संबंध असेल का?

रेणुका_माहीम

असू शकतो. अशा गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती गेलं आणि किती आलं याचा हिशोब तो ठेवतो. चार्ज कमी आहे असं दिसलं की गाडी इंजिन बंद करायचं टाळते. तुमच्या बाबतीत ती खरंच अर्धवट भरलेली असेल. पण किटची काळी वायर कोणी सेन्सरच्या पलीकडे, थेट टर्मिनलच्या बोल्टवर लावली असेल, तर कॅमेऱ्याने खाल्लेलं सेन्सरला दिसतच नाही आणि हिशोब चुकतो. काळी वायर बॉडीच्या बोल्टलाच द्या. तुमची बॅटरी ईएफबी किंवा एजीएम असेल, बदलताना त्याच प्रकारची घ्या, साधी घालू नका.

श्रीधर_परळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काय केलं ते लिहितो.

माझ्या कॅमेऱ्यात इम्पॅक्ट मोड आहे, पण तो चालू केल्यावरही फ्यूजवर ३ मिलिव्होल्टच्या वर येत होतं. म्हणजे सदानंदरावांच्या कॅमेऱ्यासारखा तो खरा झोपत नाही, स्क्रीन आणि वायफाय फक्त बंद करतो. मेनूमध्ये बारा तासांचा टायमरही आहे, पण तो गाडी बंद केल्यापासून मोजतो. गुरुवारी सकाळी भाजीच्या गाड्या लागतात तेव्हाच आमची गाडी घासली जाते, त्या वेळी तो संपलेला असणार.

म्हणून सध्या कट-ऑफ १२.२ वर नेला आहे. किटच्या आकड्याची खात्री करायला कॅमेरा बंद होताना मीटर लावून बसलो, तर तो १२.१ ला बंद झाला. तेवढा फरक किटच्या मोजणीत आहे.

बॅटरी बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला ठेवली, सकाळी निवांत १२.६२ आली. त्याने लोड टेस्टरवर तपासून सांगितलं की अजून चालेल. म्हणजे नवी घेण्याची घाई नाही.

आता एक विचारायचं आहे. आमच्या मजल्यापर्यंत बॅटरी उचलून आणून दर पंधरा दिवसांनी घरीच चार्जर लावला तर चालेल का? रस्त्यावर वायर सोडणं शक्य नाही.

रेणुका_माहीम

चालेल. साडेतीन अँपियरचा ऑटोमॅटिक चार्जर घ्या, भरली की स्वतः कमी होणारा. बॅटरी दहाएक किलोची असते, सरळ धरा, आडवी करू नका. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. खिडकीजवळ ठेवा, गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब. घड्याळ, रेडिओ आणि पॉवर विंडोची सेटिंग पुन्हा करावी लागेल. काही स्टिरिओ कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.

गुरुवार सकाळचं मात्र माझ्याकडेही ठाम उत्तर नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा इम्पॅक्ट मोड ३ मिलिव्होल्टवर राहत असेल, तर तो बुधवारच्या पुढे जाणार नाही.

सदानंद_गिरगाव

श्रीधरराव, आमच्याकडे तळमजल्यावरच्या दुकानदाराने त्याचा सीसीटीव्ही थोडा वळवून घेतला आहे, तीन गाड्या त्यात येतात. तुमच्या बाजूला भाजीवाल्यांच्या समोर कोणाचं दुकान आहे का? असेल तर विचारून बघा.

श्रीधर_परळ

औषधाचं दुकान आहे. उद्या विचारतो.